क्लासच्या पाटीवर काय लिहावे?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात क्लासच्या गल्लीतून चालत गेले, की तेच शब्द आलटून पालटून भेटतात: ब्रिलियंट, आयडियल, सक्सेस, करिअर, ज्ञानदीप, ज्ञानगंगा. यातला एकही शब्द वाईट नाही. पण शेजारची पाटी काढून इथे लावली तरी काही बिघडत नाही, ही खरी अडचण. आईवडिलांना विचारायचे असते ते वेगळेच. शिकवतो कोण, आणि मुलाचे अडले तर भेटायचे कुणाला?

म्हणून घरातल्या बोलण्यात क्लासचे नाव गळूनच पडते. ‘कुठे जातो तुमचा?’ असे विचारले की ‘कुलकर्णी सरांकडे’ हेच उत्तर येते.

पुढे मोठ्या झालेल्या क्लासांनीही माणसाचेच नाव धरले होते. कोटा शहराला आयआयटीच्या तयारीचे गाव करणारे ‘बन्सल क्लासेस’ म्हणजे व्ही. के. बन्सल यांचे आडनाव. मुंबईत १९८८ साली सुरू झालेले ‘महेश ट्युटोरिअल्स’ म्हणजे महेश शेट्टी. दिल्लीच्या ‘आकाश’ला संस्थापक जे. सी. चौधरी यांनी मुलाचे नाव दिले. कोट्यातले ‘ॲलन’ ऐकायला इंग्रजी वाटते, पण संस्थापकांच्या वडिलांच्या, लक्ष्मीनारायण माहेश्वरी यांच्या ‘एल-एन’ या आद्याक्षरांतून ते घडले आहे.

‘ॲलन’सारख्या नावाला पहिल्या दिवशी काहीच अर्थ नसतो. वर्षानुवर्षे निकाल लागतात, तेव्हा तो त्यात भरतो. आडनावाचे उलट असते. सर गावात शिकवत आलेले असतील, तर विश्वास पाटी लागण्याआधीच तयार असतो. पण दुसरी शाखा निघाली आणि तिथे सर स्वतः शिकवत नसले, की ‘सर येणार ना?’ हा प्रश्न उभा राहतो. महेश ट्युटोरिअल्सची कंपनीही पुढे ‘एमटी एज्युकेअर’ झाली, नावातला माणूस दोन अक्षरांत गेला.

आता समजा, सांगलीत गणित आणि विज्ञान शिकवणारे दोघे शिक्षक मिळून आठवी ते दहावीचा क्लास काढताहेत. आडनाव एकाचे लावले तर दुसऱ्याला वाईट वाटणार, दोन्ही जोडली तर पाटी वकिलांच्या कार्यालयासारखी दिसणार. मग कामातूनच नाव शोधावे. हे दोघे वर्गात रोज काय करून घेतात? उत्तर आले की ते मूळ समीकरणात घालून बघायला लावतात. गणितात याला ताळा म्हणतात. नाव सापडल्यासारखे वाटते, पण इंग्रजी अक्षरांत लिहिले की लोक ते ‘ताला’ वाचतील, आणि कुलूप ही काही क्लासची खूण नव्हे. ‘पडताळा’ म्हटले की गोंधळ टळतो. शब्द गणितातला, दहावीच्या मुलाला पोरकट न वाटणारा, आणि आईवडिलांना खरेखोटे करता येईल असा. घरी मुलाची वही उघडावी, उदाहरणाखाली पडताळ्याची ओळ आहे का ते पाहावे. ओळ दिसली नाही, तर नाव खोटे. ‘एक्सलन्स’ची अशी परीक्षा कोण घेणार?

पाटी रंगवायला देण्याआधी नाव फोनवर सांगून बघावे. पलीकडच्याने दोनदा विचारले किंवा चुकीचे लिहून घेतले, तर ते बदलावे. मुले त्याचे लघुरूप काय करतील, तेही आधीच बोलून पाहावे.

मग ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घ्यावा. शिक्षणसेवा ४१व्या वर्गात मोडते. नुसत्या गुणवर्णनाच्या, सगळे वापरतात अशा शब्दांना तिथे संरक्षण मिळणे अवघड असते, त्यामुळे घिसेपिटे नाव घेणाऱ्याला उद्या समोरच्याने तेच घेतले तर फारसे काही करता येत नाही. थोर पुरुषांच्या नावांबाबतही सावध राहावे. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी ही नावे १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या यादीत आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. सरकारी आश्रय असल्याचा भास देणाऱ्या नावांनाही हाच कायदा आड येतो.

यशाची हमी नावात घालण्याचा मोह तर टाळलाच पाहिजे. जानेवारी २०२४ मधल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना क्लासना गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नका, असे स्पष्ट सांगतात. पाटीवर उरलेली जागा दोन्ही शिक्षकांची नावे, शिक्षण आणि विषय यांना द्यावी, रस्त्यावरून वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत. ‘पडताळा’ वाचून थांबलेल्या आईला पुढचा प्रश्न कुणाला विचारायचा, ते तिथेच कळेल.