शिह त्झूचा कट कसा पारखावा?

ग्रूमरकडून परत आलेल्या कुत्र्याला शाम्पूचा छान वास येत असतो, गळ्यात रंगीत रुमाल असतो आणि आपण कौतुकातच पैसे देऊन बाहेर पडतो. काम कसं झालंय ते या दोन्हींवरून कळत नाही. शहरातल्या फ्लॅटांत बराच दिसणारा शिह त्झू घेऊ. याचे केस वाढतच राहतात, त्यामुळे कात्री चुकली की लगेच दिसतं.

आधी लांबी. 'थोडे बारीक करा' या सांगण्याला काही अर्थ नाही. क्लिपरच्या ब्लेडला नंबर असतो आणि नंबर जितका मोठा तितके केस छोटे राहतात. ४एफ ब्लेड साधारण साडेनऊ मिलिमीटर केस ठेवतं, ७एफ जेमतेम तीन आणि १० नंबरचं दीड. ही मापं केसांच्या दिशेने क्लिपर फिरवला तरची. तेच ब्लेड उलट्या दिशेने फिरवलं तर केस बरेच आखूड होतात. म्हणून मिलिमीटरमध्ये बोलावं, किंवा बोटाच्या पेरावर लांबी दाखवावी.

समजा तुम्ही बोटभर रुंदीचे केस ठेवायला सांगितलेत आणि कुत्रा तीन मिलिमीटरचा होऊन आला. ग्रूमरवर चिडण्याआधी कानांमागे, काखेत आणि पट्टा घासतो तिथे काय होतं ते आठवा. तिथे जटा झाल्या असतील तर लांब केस ठेवणारा कंगवा त्यातून जातच नाही. ब्लेड जटेच्या खालून, कातडीलगत न्यावं लागतं. जटा ओढून सोडवत बसणं म्हणजे कुत्र्याचा छळ. अशा वेळी आखूड कट हाच बरोबर कट. फक्त ग्रूमरने क्लिपर लावण्याआधी तुम्हाला फोन करायला हवा होता, आणि तो केला नसेल तर तक्रार रास्त आहे.

लांबी एकसारखी आहे का, हे पाहायला धातूचा कंगवा घ्या. पाठीवरचे केस उलटे विंचरा आणि कुत्र्याला एकदा अंग झाडू द्या. केस आपल्या जागी बसले की वाढीव टोकं वर दिसतात. पाठीवर किंवा कुशीवर समांतर पट्टे दिसत असतील तर बहुतेक वेळा केस नीट वाळवून, सरळ विंचरून न घेताच क्लिपर चालवलेला असतो. काखेत आणि पोटावर लाल ठिपके दिसले तर ब्लेड तापलं होतं किंवा कातडीवर दाबलं गेलं, असं समजावं.

खरी परीक्षा चेहऱ्याची. शिह त्झूचे डोळे मोठे आणि पुढे आलेले; नाकाच्या मुळाशी उगवणारे केस सरळ डोळ्यांत जातात. कुत्र्याला समोर बसवा आणि दोन्ही डोळ्यांचे आतले कोपरे मोकळे दिसतात का ते पाहा. पण तिथे अगदी खुंटासारखे कापले असतील तर तेही वाईट, कारण वाढताना ती टोकदार खुंटंच बुबुळाला टोचतात. चांगला ग्रूमर हनुवटीखालचे केस हलकेच धरून डोकं स्थिर ठेवतो, कात्रीचं टोक डोळ्याकडे कधीच वळवत नाही आणि कडा थिनिंग कात्रीने मऊ करतो. मग तोंडाची गोलाई समोरून दोन्ही बाजूंनी सारखी आहे का ते पाहा. बाजूने पाहून याचा अंदाज येत नाही.

पायांकडे बहुतेक मालक बघतच नाहीत. कुत्रा फरशीवर चारही पायांवर उभा असताना पंजा गोल दिसावा आणि त्याच्या कडेने केस जमिनीवर लोळू नयेत. मग एकेक पंजा उचला. गाद्यांच्या पातळीच्या बाहेर केस आले असतील तर गुळगुळीत टाइलवर कुत्रा घसरणार, आणि पावसाळ्यात तिथे चिखल आणि ओल साचणार. मात्र गाद्यांच्या मधल्या खोबणीत ब्लेड खुपसून कोरून काढण्याचीही गरज नसते. तिथेच कातडी कापली जाते. नखांमध्ये हमखास राहतं ते आतल्या बाजूचं, अंगठ्याचं नख. ते जमिनीला घासत नाही, त्यामुळे वळून कातडीत रुतू शकतं. बोटाने चाचपून बघा.

पाठीवरचा पट्टा किंवा थोडी कमी-जास्त लांबी काही आठवड्यांत भरून निघते. डोळ्यांत जाणारे केस आणि विसरलेलं नख मात्र दुकानातून निघण्याआधीच दाखवून नीट करून घ्या, आणि डोळा लाल दिसला किंवा कातडी कापली गेली असेल तर सरळ पशुवैद्याकडे जा.