पूर आला म्हणून पार्सल उशिरा आलं, पण खरंच पुरामुळेच का?



जुलै २०२१ मध्ये कोल्हापूरला महापूर आला. २३ जुलैच्या सुमारास शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि काही दिवस वाहतूक बंद राहिली. तेव्हा पुण्याहून मागवलेली माझी दोन पार्सलं अडकली होती. दोन्ही विक्रेत्यांचं उत्तर एकच, "मॅडम, पूर आहे."

मी दोन्हींचं ट्रॅकिंग उघडून तारखा वहीत लिहिल्या. पहिलं पार्सल मुलांच्या सराव पुस्तकांचं होतं. ते २१ तारखेला पुण्याहून निघालं होतं आणि २४ ला मिळणार होतं. म्हणजे ते खरोखर वाटेत अडकलं. दुसरं रंगपेट्यांचं. ते २० तारखेलाच मिळायला हवं होतं, पण २२ पर्यंत विक्रेत्याकडून निघालंच नव्हतं! हा उशीर पुराच्या आधीचा. पुराचं नाव फक्त नंतर जोडलं गेलं.

हा फरक कशासाठी बघायचा? ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. पण उशीर नैसर्गिक आपत्तीसारख्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर ही अट लागू होत नाही. म्हणून पुस्तकांसाठी मी थांबले. रंगपेट्यांचे पैसे मात्र मागितले.

थांबायचं तरी किती? रस्ता सुरू झाला की दुसऱ्याच दिवशी पार्सल दारात येईल असं नाही. थांबलेल्या गाड्या आधी सुटतात, गोदामात साचलेला माल नंतर वाटला जातो. त्यामुळे रस्ता जितके दिवस बंद होता तितके दिवस आणि वर साधारण आठवडाभर, असा माझा अंदाज असतो. पण तेवढ्या काळात विक्रेत्याने नवी तारीख कळवायला हवी, ही अपेक्षा रास्तच आहे. ट्रक चालकांच्या संपातही हाच हिशेब करावा. आधी संपाची तारीख बघायची, मग पार्सल निघाल्याची.

अजून एक. पुराची सवलत फक्त उशिराला आहे. पुस्तकं भिजून आली तर तो खराब मालच, तिथे "पूर होता" हे उत्तर चालत नाही. खोकं उघडण्याआधी आणि उघडताना फोटो काढून ठेवा.

तक्रार आधी त्या ॲपच्या किंवा साइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करा. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावं, असा नियम आहे. तिथे काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा.

पाचवीच्या वर्गात मी याच तारखा फळ्यावर लिहून विचारलं, "कोणाचा उशीर पुरामुळे?" मुलांनी दोन मिनिटांत ओळखलं. तुमच्या वर्गातही, घरीही करून बघा.