मूळ, दुरुस्ती आणि कारण

दुसऱ्याच्या लिखाणाची दुरुस्ती करून देणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांना एका प्रकारचे गृहस्थ हमखास भेटतात. ते काम देतात, पैसे देतात आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती नाकारतात. अशा गृहस्थाशी वाद न घालता काम पुरे कसे करावे, हे एका उदाहरणावरून नीट समजेल. उदाहरण कल्पित आहे. त्यातील अडचण मात्र अगदी रोजची आहे.

खोपोलीचा शिळफाटा बोरघाटाच्या पायथ्याशी, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आहे. समजा, तेथे एका गृहस्थांचे लहानसे विश्रामगृह आहे. पाहुण्यांना आगाऊ पाठविण्यासाठी त्यांनी सोळा पानांची माहितीपुस्तिका स्वतः लिहिली आणि ती एका संपादिकेकडे दिली. बाईंनी सारा मजकूर तपासला, तांबड्या शाईने दुरुस्त्या केल्या आणि प्रत परत पाठविली. चार दिवसांनी ती जशीच्या तशी परत आली. वर एकच ओळ होती : “माझा मजकूर माझ्या शब्दांत राहू द्यावा.”

पुष्कळ संपादक येथेच चुकतात. ते दुसरी प्रत तयार करतात आणि तिच्यात दुरुस्त्यांचे समर्थन अधिक जोराने करतात. वस्तुतः मालकांनी दुरुस्त्या वाचल्याच नव्हत्या. त्यांना दिसली ती पानभर पसरलेली तांबडी शाई. शाळेतून तपासून आलेल्या वहीसारखे ते पान होते, आणि साठी उलटलेल्या माणसाला तशी वही कोणी परत दिली तर त्याने दुसरे काय करावे? सर्वच्या सर्व दुरुस्त्या सारख्याच नाकारल्या गेल्या, तर हरकत शब्दांना नसून पद्धतीला आहे, असे समजावे. एकाच जातीच्या दुरुस्त्या नाकारल्या गेल्या, तर त्यामागे एखादी विशिष्ट भीती असते. ती पुढे दिसेलच.

बाईंनी पद्धत बदलली. ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि छपाईच्या चुका त्यांनी वेगळ्या काढल्या आणि त्या परस्पर सुधारण्याची परवानगी एका वाक्यात मागितली. ती तत्काळ मिळाली. उरलेल्यांतून फक्त पाच निवडल्या आणि प्रत्येकीला एक स्वतंत्र कागद दिला. वर मूळ वाक्य पूर्ण आणि स्वच्छ लिहिले. त्यात कोठेही खाडाखोड नाही, अधोरेखा नाही. त्याखाली सुचविलेले वाक्य. त्याखाली दोन ओळींत कारण. शेवटी रिकामी जागा ठेवून तिच्यावर लिहिले : “आपले तिसरे वाक्य.”

पहिला कागद रस्त्याचा होता. मूळ वाक्य : “पाहुण्यांनी शिळफाटा येथे उतरून दूरध्वनी करावा.” सुचविलेले : “पाहुण्यांनी खोपोलीच्या शिळफाट्यावर उतरून दूरध्वनी करावा. मुंब्र्याजवळचा शिळफाटा वेगळा आहे.”

या दुरुस्तीला “अर्थ स्पष्ट होतो” असे कारण देता आले असते. पण त्याने कोणाचेही मन वळत नाही, कारण लिहिणाराला स्वतःचा अर्थ नेहमी स्पष्टच असतो. कारणात वाचकाचे काय होईल हे आले पाहिजे. बाईंनी लिहिले : “ठाणे जिल्ह्यात मुंब्र्याजवळ, कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावर याच नावाचा फाटा आहे. मुंबईच्या पाहुण्याला बहुधा तोच ठाऊक असतो.”

भेटीत मालक म्हणाले, “आमचा शिळफाटा कोणाला माहीत नाही?”

बाईंनी उत्तर दिले नाही; उलट विचारले, “भलत्याच ठिकाणी उतरून आपल्याला कधी कोणी फोन केला आहे का?”

मालक थोडे थांबले. मग हसून म्हणाले, “गेल्या पावसाळ्यात एक कुटुंब दोन तास उशिरा आले खरे.” दुरुस्ती मान्य झाली. कारण बाईंनी पुरविले होते, पण पुरावा मालकांच्या स्वतःच्या आठवणीतून आला. म्हणून पहिला कागद नेहमी असा निवडावा, की ज्यात मालकाचा लाभ त्याला स्वतःच्या अनुभवावरून दिसेल.

दुसरा कागद रेल्वेचा. पुण्याहून येणाराने “थेट खोपोलीस उतरावे” असे मूळात होते. पुण्याची मुख्य लोहमार्गाची गाडी खोपोलीस येतच नाही. खोपोली हे शाखेवरचे शेवटचे स्थानक आहे. तेव्हा कर्जतला थांबणारी गाडी धरून तेथे खोपोलीची लोकल घ्यावी लागते. हा प्रश्न वस्तुस्थितीचा आहे. येथे आवडीनिवडीला जागा नाही, आणि तसे कागदावर नम्रपणे पण उघड लिहावे. रुचीची दुरुस्ती आणि खरेखोट्याची दुरुस्ती एकाच सुरात मांडली, की दोन्ही एकाच सुरात नाकारल्या जातात.

रुचीच्या बाबतीत बाईंनी माघार घेतली. “निसर्गाच्या कुशीत वसलेले” हे शब्द त्यांनी काढले होते. शब्द झिजलेले आहेत यात शंका नाही. पण ते ठेवल्याने कोणी पाहुणा वाट चुकणार नव्हता आणि मालकांना ते प्रिय होते. बाईंनी तो कागद स्वतःहून मागे घेतला. अशी एखादी खरी माघार पुढच्या कागदाला फार उपयोगी पडते. मात्र ती द्यायची म्हणून मुद्दाम खोटी दुरुस्ती घालू नये. चाणाक्ष गिऱ्हाईक ती ओळखते.

खरा पेच चौथ्या कागदावर आला. मूळ वाक्य असे : “पावसाळ्यात धबधब्याखाली स्नानाचा आनंद लुटता येतो व योग्य ती काळजी घेतल्यास कोणताही धोका संभवत नाही.” सुचविलेले : “डोंगरावर पाऊस चालू असताना ओढ्यात उतरू नये. खाली ऊन असले तरी पाणी काही क्षणांत वाढते.” मालकांनी साफ नकार दिला. मागील फेरीतही त्यांनी सावधगिरीची सारी वाक्ये नाकारली होती, हे बाईंच्या ध्यानात आले. भीती एकच होती : पाहुणे घाबरतील आणि येणार नाहीत.

तेव्हा वाक्यावर बोलणे सोडून त्या भीतीवर बोलणे झाले. बाईंनी मालकांना दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचावयास सांगितली आणि विचारले, “दहा वर्षांच्या मुलाने विचारले, ‘आता उतरू का?’ तर कोणत्या वाक्यात उत्तर सापडेल?” ‘योग्य ती काळजी’ म्हणजे काय, हे पहिल्या वाक्यात कोठेच नव्हते. मालकांनी ते कबूल केले, पण दुसरे वाक्य त्यांना तरीही दरडावल्यासारखे वाटले. आणि त्यात तथ्य होते. शेवटी त्यांनी रिकाम्या जागेत स्वतः लिहिले : “धबधबा आमच्या सज्जातून उत्तम दिसतो. डोंगरावर पाऊस असताना तो तेथूनच पाहावा. खाली ऊन असले तरी ओढ्याचे पाणी एकाएकी वाढते. उतरण्यापूर्वी आम्हांस विचारावे.”

हे वाक्य बाईंच्या वाक्यापेक्षा सरस आहे. त्यात निमंत्रण आहे, कारण आहे आणि कोणाला विचारावे तेही आहे.

मालकांनी तेही नाकारले असते तर? मजकूर त्यांचा आहे. रुचीचा शेवटचा शब्दही त्यांचाच. परंतु “कोणताही धोका संभवत नाही” हे वाक्य खोटे आहे आणि त्यावर विसंबून कोणी पाण्यात उतरेल. अशा वेळी संपादकाने आपली हरकत तारखेसह त्या कागदावरच लिहून द्यावी, एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि तेवढे पान आपल्या हातून छपाईला जाणार नाही, हे शांतपणे सांगावे. पाचवा कागद जेवणाच्या वेळांचा होता. तो मालकांनी न वाचताच मान्य केला. बाईंनी मात्र त्यांच्याकडून तो वाचून घेतला.