सुवर्णठेवीचे व्याज ग्रॅममध्ये

धनत्रयोदशीच्या सायंकाळी घरोघरी धनाची पूजा होते. पेटीतील सोने बाहेर येते, त्यावर हळदकुंकू वाहिले जाते, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कुलुपात जाते. हेच सोने बँकेत ठेवले तर त्यावर व्याज मिळते, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. परंतु ते व्याज मोजतात कसे आणि मुदतीअखेर हाती काय येते, याविषयी मात्र घरोघरी संभ्रम असतो.

तिरुमला तिरुपती देवस्थानाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. देवस्थानाने एप्रिल २०१६ मध्ये १३११ किलो सोने एका राष्ट्रीयीकृत बँकेत तीन वर्षांसाठी ठेवले. व्याजाचा दर होता दर साल दर शेकडा १.७५. एप्रिल २०१९ मध्ये मुदत संपली, तेव्हा देवस्थानाला १३८१ किलो सोने परत मिळाले. वरचे ७० किलो हे व्याज. या तीन वर्षांत सोन्याचा भाव चढला की उतरला, याचा या हिशेबाशी काहीही संबंध नव्हता. ठेव वजनात, वाढही वजनात: सुवर्णठेवीचे मर्म एवढेच आहे.

गृहस्थाची ठेव याच तत्त्वावर चालते. मात्र दागिन्याचे ‘वजन’ ठरण्यापूर्वी एक कठोर पायरी ओलांडावी लागते. केंद्र शासनाने २०१५ साली आणलेल्या सुवर्ण मुद्रीकरण योजनेत दागिना प्रथम मान्यताप्राप्त शुद्धता तपासणी केंद्रात जातो. तेथे आधी प्राथमिक कस दाखवितात. तो मान्य नसल्यास दागिना परत घेता येतो. संमती दिल्यावर मात्र खडे, मोती, लाख काढून सोने वितळवितात, आणि मग अंतिम कस निघतो. दागिना त्या क्षणी संपतो.

समजा, आजीच्या जुन्या पाटल्यांचे वजन ६२ ग्रॅम भरले. लाख निघाल्यावर ६० ग्रॅम उरले. सांध्यांतील डाखामुळे कस हजारी ९०० लागला, म्हणजे शुद्ध सोने ५४ ग्रॅम झाले. ठेव हजारी ९९५ कसाच्या सोन्यात नोंदवितात, म्हणून खात्यावर सुमारे ५४.२७ ग्रॅम लिहिले जातील. अल्प मुदतीच्या ठेवीचा दर प्रत्येक बँक स्वतः ठरविते. तो दर साल दर शेकडा ०.६० धरला, तर तीन वर्षांत साधारण एक ग्रॅम वाढून खाते ५५.२५ ग्रॅमवर जाईल. म्हणजे ६२ ग्रॅमच्या पाटल्या दिल्या आणि पाऊण तोळाही नव्हे, अवघे एक ग्रॅम व्याज मिळाले. घडणावळ तर कायमची गेली.

आता परतफेड. ती सोन्यात हवी की रुपयांत, हे ठेव ठेवतानाच लेखी द्यावे लागते. सोन्यात घेतल्यास तयार वळी वा नाणी मिळतात, पाटल्या नव्हेत; नाण्यात न बसणाऱ्या अंशाचे पैसे देतात. रुपयांत घेतल्यास भाव ठेवीच्या दिवसाचा नव्हे, तर परतफेडीच्या दिवसाचा लागतो. लंडनच्या बाजारातील सकाळचा डॉलरमधील भाव घेऊन तो त्या दिवशीच्या विनिमयदराने रुपयांत आणतात आणि त्यावर सोन्याचे आयातशुल्क मिळवितात. सराफाच्या पाटीवरील भाव येथे चालत नाही.

आयातशुल्काचा हा घटक दुर्लक्षिण्याजोगा नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते शेकडा १५ वरून ६ वर आले. लंडनचा भाव तोच राहिला असता, तरी ११५ रुपयांचे सोने एका रात्रीत १०६ रुपयांचे झाले असते. त्या सुमारास रुपयांत परतफेड घेणाऱ्याला शेकडा आठच्या आसपास उणे झाले असते. सोन्यात घेणाऱ्याचे ग्रॅम मात्र तेवढेच राहिले असते.

मध्यम व दीर्घ मुदतीच्या ठेवींत मुद्दल सोन्यात असे, परंतु व्याज ठेवीच्या दिवशीच्या किमतीवर रुपयांत मोजले जाई. त्या ठेवी २६ मार्च २०२५ पासून नव्याने स्वीकारल्या जात नाहीत. एक ते तीन वर्षांची अल्पमुदत ठेव तेवढी बँकांच्या इच्छेवर उरली आहे; तिला किमान १० ग्रॅम सोने लागते.

देवस्थानाला अर्पण झालेले सोने पुन्हा कुणाच्या मनगटात चढायचे नसते, म्हणून त्याला वळ्यांचे रूप चालते. घरातील मोडलेली साखळी, जोडी हरवलेले कर्णफूल, आधीच घेऊन ठेवलेली वळी यांनाही चालेल. सासूने सुनेच्या हाती दिलेल्या पाटल्यांना मात्र चालणार नाही. तेव्हा उद्या पेटी पुन्हा कुलुपात जाण्यापूर्वी या दोहोंची वाटणी घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडून करून घ्यावी. कोणत्या दागिन्याचे केवळ वजन जपायचे आणि कोणत्याचे रूपही, हे बँकेच्या तराजूला कळत नाही, तिला कळते.