मोठा प्रीमियम, अरुंद पट्टा

समजा निफ्टी २५,००० वर आहे आणि आठवडाभर फार हलणार नाही, असा तुमचा अंदाज आहे. आयर्न बटरफ्लायमध्ये २५,००० चाच कॉल आणि पुट विकायचा, आणि संरक्षणासाठी २५,४०० चा कॉल व २४,६०० चा पुट विकत घ्यायचा. हाती निव्वळ २१० पॉइंट प्रीमियम आला असे धरू. आयर्न कॉन्डरमध्ये विक्री दूरवर होते : २५,३०० चा कॉल, २४,७०० चा पुट, संरक्षण त्याहून ४०० पॉइंट पलीकडे. इथे जेमतेम ५० पॉइंट मिळतील.

२१० चा मोह पडतो. पण ते पूर्ण मिळायला एक्सपायरीला निफ्टी नेमका २५,००० वर थांबायला हवा, आणि तसे क्वचितच होते. २५,१५० ला बटरफ्लायमध्ये ६० उरतात, कॉन्डरमध्ये पूर्ण ५०. २५,२५० ला बटरफ्लाय ४० पॉइंट तोट्यात जाते. कॉन्डरचे ५० शाबूत राहतात. म्हणूनच बटरफ्लायवाले बहुधा एक्सपायरीची वाट न पाहता थोडा नफा दिसताच बाहेर पडतात.

मात्र निफ्टी सुसाट सुटला, तर बटरफ्लायचा कमाल तोटा १९० पॉइंट, कॉन्डरचा ३५०.