मन आणि अंदाज (भाग ६) : निकालानंतरचं शहाणपण

मागच्या आठवड्यात आपण पहिल्या आकड्याला मन कसं चिकटून बसतं ते पाहिलं. या वेळी श्रीरामपुरातल्याच एका घरातला, म्हणजे माझ्या बहिणीच्या घरातला कागद तुमच्यापुढे ठेवतो.

13 मे 2025. दहावीचा निकाल दुपारी एकला लागणार होता. भाच्याला किती टक्के पडतील, हे आम्ही तिघांनी सकाळीच एका कागदावर लिहिलं आणि घडी करून देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिलं. बहिणीने 78 लिहिले, मेव्हण्यांनी 80, मी 82. निकाल आला 88.40. पेढे वाटून झाले. आठवड्याने मी दोघांना विचारलं, तुम्ही किती लिहिले होते? बहीण ठामपणे म्हणाली, "85 तरी लिहिले होते रे, मला खात्रीच होती त्याची." मेव्हणे म्हणाले 84. माझ्या स्वतःच्या आठवणीत 85 होते. खणातला कागद उघडला, तेव्हा तिघेही गप्प झालो.

यात कोणी खोटं बोलत नव्हतं. बहिणीने लिहिलेले 78 आणि खरे 88.40 यांत साधारण दहाचं अंतर. तिच्या आठवणीने त्यातलं सातचं अंतर आपण होऊन कापलं होतं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली फाईल नव्हे. दर वेळी ती नव्याने जुळवली जाते, आणि जुळवताना हाताशी असलेला निकालही त्यात मिसळतो. मानसशास्त्रात याला हाइंडसाइट बायस म्हणतात. आपण पश्चात्‌दृष्टीचा दोष म्हणू.

बारूख फिशहॉफ यांनी 1972 मध्ये हेच मोजलं. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला निघाले होते. ते माओंना एकदा तरी भेटतील का, असे प्रश्न देऊन इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांकडून आधी शक्यता लिहून घेतल्या. दौरा आटोपल्यावर आधीचेच आकडे आठवून लिहायला सांगितले. जे घडलं होतं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना आठवलं.

पण आकडा सरकणं हे वरवरचं. खरी गोम कारणांत आहे. भाचा रात्री मोबाईल बघत असे आणि पहाटे पाचला उठून गणितं सोडवत असे. दोन्ही गोष्टी घरात सगळ्यांना माहीत होत्या. 88 आल्यावर सगळे पहाटेबद्दल बोलले. 62 आले असते, तर मोबाईलबद्दल बोलले असते, आणि "हे दिसतच होतं" हे वाक्य तेवढ्याच खात्रीने निघालं असतं. निकाल कळला की मन त्याला जुळणारे धागे ओढून घेतं. बाकीचे तिथेच असतात, पण दिसेनासे होतात. कमी गुण पडलेल्या मुलाला घरचे जे ऐकवतात, त्यातलं बरंचसं असं मागाहून सापडलेलं असतं, आणि ते पोराच्या जिव्हारी लागतं. म्हणून मला हा दोष किरकोळ वाटत नाही.

बातम्यांत तो आणखी ठळक होतो. 4 जून 2024 ला लोकसभेचा निकाल लागला. राज्यात महाविकास आघाडीला 48 पैकी 30 जागा, महायुतीला 17. शिर्डीची जागाही आघाडीकडे गेली. दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत कांद्याची निर्यातबंदी, पक्षफुटीचा राग, संविधानाचा मुद्दा अशी कारणं इतकी चपखल बसली, की वेगळं काही घडूच शकलं नसतं असं वाटावं. साडेपाच महिन्यांनी, 23 नोव्हेंबरला, विधानसभेच्या निकालात महायुतीचे तीन पक्ष मिळून 230 वर गेले. आता ‘लाडकी बहीण’ हे उघड कारण ठरलं. पण लाडक्या बहिणीचे पैसे श्रीरामपूर तालुक्यातही येतच होते, आणि इथे निवडून आला काँग्रेसचा उमेदवार. लगेच दुसरं उघड कारण पुढे आलं : महायुतीतल्याच दोघांत मतं फुटली. ही कारणं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. पण कोणतं कारण किती भारी पडणार, हे मतमोजणीच्या आदल्या रात्री कोणाला सांगता येत होतं?

हा दोष माहीत असला म्हणून सुटत नाही. माझेही 82 चे 85 झालेच. नुसती ताकीद देऊन फारसा फरक पडत नाही, हेही फिशहॉफ यांना दिसलं. उपयोग होतो तो उलट निकालाची कारणं काढण्याचा. 88 आल्यावर मुद्दाम विचारायचं : 70 आले असते तर ते कशामुळे, असं मी म्हटलं असतं? दोन-तीन खरी कारणं सुचली, की पहिल्या निकालाची अटळता सैल पडते. आणि अंदाज लिहायचा तो तारखेसह, आकड्यात, कारणासह. "चांगले पडतील" असं लिहिलं, तर नंतर 75 लाही ते लागू पडतं आणि 92 लाही.

अर्थात "मी म्हटलंच होतं" हे दर वेळी खोटं नसतं. पूल धोकादायक असल्याचं लेखी पत्र आधी कोणी दिलं असेल, तर ती पश्चात्‌दृष्टी नव्हे, तो इशारा. फरक ओळखायला पत्रावरची तारीख पाहायची, आणि त्याच माणसाने आणखी किती पुलांबद्दल असंच लिहिलं होतं तेही.

भाचा आता बारावीच्या वाटेवर आहे. बहिणीने तोच कागद खणात ठेवलाय, मागच्या कोऱ्या बाजूवर या वेळचे आकडे लिहायला.