खातं आहे, पण आत जायला वाट नाही

नवीन ॲपमध्ये खातं उघडताना पासवर्ड ठरवा, तो लक्षात ठेवा, ईमेलवर आलेली लिंक दाबा, एवढा खटाटोप कुणालाच नको असतो. ‘Continue with Facebook’ किंवा ‘Continue with Google’ दाबलं की काम होतं. पुढे काही वर्षांनी फेसबुकचा कंटाळा येतो आणि आवराआवर सुरू होते. ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘Connected accounts’ नावाची यादी असते, तिच्यात फेसबुकसमोर ‘Unlink’ असं लिहिलेलं असतं. आपण ते दाबतो. लगेच काहीच बिघडत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

ॲप चालवणाऱ्या कंपनीकडे आपल्या दोन वेगवेगळ्या नोंदी असतात. पहिली खात्याची: त्याला एक अंतर्गत क्रमांक असतो आणि आपली टिपणं, फोटो, खरेदी हे सगळं त्या क्रमांकाखाली साठवलेलं असतं. दुसरी नोंद लॉगिनची, म्हणजे ‘फेसबुक ज्याला अमुक क्रमांक देतं तो माणूस म्हणजे आपलं तमुक खातं’. आपलं नाव किंवा फोटो पाहून ॲप आपल्याला ओळखत नाही. फेसबुककडून आलेल्या त्या क्रमांकावरूनच ओळखतं. ‘Unlink’ दाबल्यावर ही दुसरी नोंद पुसली जाते. पहिली जशीच्या तशी राहते. खात्यातलं काहीही उडत नाही, फक्त ते आपलं आहे असं सांगायची सोय उरत नाही.

मग ॲप पुढेही चालू कसं राहतं? कारण ओळख तपासली जाते ती साइन इन करताना. एकदा आत आलो की फोनमध्ये एक परवाना साठवला जातो आणि तो चालतोय तोवर ॲप पुन्हा काही विचारत नाही. त्यामुळे चूक आज होते आणि कळते ती फोन बदलल्यावर, ॲप काढून पुन्हा टाकल्यावर किंवा सहज साइन आउट केल्यावर. तोवर ‘Unlink’ दाबल्याचं आठवतही नाही.

समजा, सांगलीच्या एका हार्मोनियमच्या बाई आपल्या शिष्यांची स्वरलिपी एका टिपणांच्या ॲपमध्ये ठेवतात. खातं त्यांनी 2016 मध्ये फेसबुकवरून उघडलं. त्यांचं फेसबुक मात्र मोबाइल नंबरावर उघडलेलं, त्यात ईमेल दिलेलाच नाही. फेसबुक दुसऱ्या ॲपला आपला ईमेल देतं तो आपण तिथे नोंदवून पक्का केलेला असेल तरच. म्हणजे टिपणांच्या ॲपमध्ये बाईंच्या खात्यावरची ईमेलची जागा पहिल्या दिवसापासून रिकामी आहे, आणि पासवर्ड तर त्यांनी कधी ठेवलाच नाही. आठ वर्षं याने काही अडलं नाही.

त्यांनी ‘Unlink’ दाबलं. दोन महिन्यांनी नवा फोन घेतला, ॲप टाकलं, आणि सवयीने फेसबुकचंच बटण दाबलं. ॲपच्या दृष्टीने हा क्रमांक आता अनोळखी. त्यामुळे ‘साइन इन झालं नाही’ असं म्हणण्याऐवजी त्याने स्वागत केलं आणि नवं कोरं खातं उघडून दिलं. स्वरलिपी गायब! बाईंना वाटलं, सगळं पुसलं गेलं. मग गूगलचं बटण दाबून पाहिलं, तर आणखी एक रिकामं खातं तयार झालं. पासवर्ड विसरल्याची वाट धरावी, तर पत्र पाठवायला जुन्या खात्यावर पत्ताच नाही.

इथे गुंता वाढतो. कंपनीने जुनं खातं शोधून दिलं तरी त्याला गूगल जोडताना ‘हे गूगल खातं दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे’ असा नकार येतो, कारण ते त्या नव्या रिकाम्या खात्याला चिकटलं आहे. तिथून ते सोडवायचं, तर त्या खात्याचंही ते एकमेव लॉगिन. अशा वेळी रिकामं खातं पूर्ण बंद करणं हाच सरळ उपाय, मात्र आत कामाचं काही नाही याची खात्री करून. म्हणूनच जुनं सापडत नसेल तर एकेक बटण दाबून पाहण्याचा मोह आवरायला हवा.

एकच ईमेल दिसला की ॲप दोन्ही खाती आपोआप एक का करत नाही, असा प्रश्न पडेल. त्यामागे सुरक्षेचं कारण आहे. एखादा लबाड माणूस तुमचा ईमेल टाकून आधीच खातं उघडून ठेवू शकतो. पत्ता खरंच कुणाचा हे न तपासता खाती जोडली, तर पुढे तुम्ही गूगलने आलात की तुमचा मजकूर त्याच्याही हाती लागतो. ही सावधगिरी मला पटते.

शेवटचं लॉगिन काढू देणारं बटण मात्र मला मुळीच पटत नाही. खात्याला किती लॉगिन जोडलेले आहेत हे कंपनीला नेमकं माहीत असतं. एकच उरला असेल तर बटण बंद ठेवणं अगदी सोपं आहे. ॲप बनवणारे वापरतात त्या सुपाबेस या सेवेत, किमान दोन लॉगिन जोडलेले नसतील तर एक काढताच येत नाही. अर्थात अशा मोजणीलाही मर्यादा आहे. दुसरं लॉगिन म्हणून कॉलेजच्या बंद पडलेल्या ईमेलची नोंद असली, तरी मोजणी दोनच भरते.

म्हणून खरी चाचणी आपणच करायची. जुनं काढण्याआधी दुसरं लॉगिन जोडा किंवा ईमेल आणि पासवर्ड टाका. मग आधीचं साइन इन तसंच चालू ठेवून, दुसऱ्या फोनवर किंवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत फक्त नव्या मार्गाने आत जा. तिथे जुनी टिपणं दिसली तरच ‘Unlink’ दाबा. ॲपलच्या ‘Hide My Email’ने खातं उघडलं असेल, तर ॲपकडे privaterelay.appleid.com ने संपणारा पत्ता असतो. तिथली पत्रं तुमच्या पेटीत येणं चालू आहे ना, हेही पाहा.

फेसबुक किंवा गूगलच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून ॲपची परवानगी काढणं ही वेगळी गोष्ट. तिथे ॲपकडची नोंद सहसा राहते आणि पुन्हा परवानगी दिली की जुनंच खातं उघडतं. फेसबुकचं अख्खं खातंच मिटवायला टाकलं असेल, तर 30 दिवसांच्या आत परत साइन इन करून ते वाचवता येतं.

‘Unlink’ दाबून झालं असेल, तरी आधी जुना फोन, टॅब, ऑफिसचा संगणक धुंडाळा. कुठेतरी ॲप अजून उघडं असेल, तर तिथे साइन आउट करू नका, ॲप काढू नका. सेटिंग्जमध्ये जाऊन ताबडतोब लॉगिन जोडा. पाच मिनिटांचं काम आहे. कुठेच उघडं नसेल तर कंपनीला लिहावं लागतं, आणि ‘माझं खातं गेलं’ एवढ्याने भागत नाही. खातं साधारण कधी उघडलं, कोणत्या लॉगिनने, आत कोणत्या नावाच्या वह्या आहेत, कधी पैसे भरले हे सांगा. गूगल प्लेच्या पावतीवर GPA ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो, तो सगळ्यात उपयोगी, कारण त्यावरून खरेदी कोणत्या खात्यात नोंदली गेली हे कंपनीला शोधता येतं. ॲपचं वर्गणीचं पॅकेज चालू असेल तर आत जाता येत नसतानाही पैसे कापले जात राहतात. ते थांबवायला ॲपमध्ये शिरावं लागत नाही, प्ले स्टोअरच्या ‘Subscriptions’ मधून रद्द होतं. पण बंद करण्याआधी त्या पावतीचा फोटो काढून ठेवा.